‘संवादकौशल्यात सुधारणेस वाव आहे’ असं लिहिण्याआधी

मार्च संपत आला की कारखान्याच्या ऑफिसात वार्षिक मूल्यमापनाचे फॉर्म येऊन पडतात. हजेरी, उत्पादन, शिस्त असे गुणांचे रकाने भरून होतात आणि खाली एक मोठा रिकामा चौकोन उरतो: ‘वरिष्ठांचा अभिप्राय’. नव्यानेच सुपरवायझर किंवा विभागप्रमुख झालेला माणूस बहुतेक वेळा इथे येऊन अडतो. मी माझ्या पहिल्या वर्षी अडलो नाही, सरसर लिहून मोकळा झालो आणि तिथेच चुकलो.

तेव्हा मी सोलापूरच्या एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या एका कारखान्यात फिनिशिंग विभाग बघत होतो. चेकिंग-फोल्डिंगच्या टेबलांवर चौदा बायका आणि त्यांच्यावर एक सुपरवायझर. त्यांना सगळे अक्का म्हणायचे, मीही म्हणायचो. त्यांच्याबद्दल मी लिहिलं ते असं:

“त्या अत्यंत मेहनती, प्रामाणिक व मनमिळाऊ आहेत. कामाची उत्तम जाण असून सर्वांना सोबत घेऊन काम करतात. वर्षभरातील कामगिरी समाधानकारक आहे. मात्र संवादकौशल्यात सुधारणेस वाव आहे. पुढील वाटचालीस शुभेच्छा.”

दोन दिवसांनी अक्का तो कागद हातात घेऊन केबिनमध्ये आल्या. म्हणाल्या, “साहेब, माझं मराठी नीट नाही, म्हणून लिहिलं का हे?”

अक्कांचं घर पूर्व भागातलं, विणकरांचं, घरात तेलुगू. कारखान्यात त्या मराठी बोलत, थोड्या वेगळ्या वळणाचं, पण कुणालाही कळेल असं. माझ्या मनात त्यांची भाषा नव्हतीच. नोव्हेंबरात पाळी बदलताना एक निरोप तोंडी दिला गेला होता आणि त्यातून माल चुकून पॅक झाला होता, तेवढंच माझ्या डोक्यात होतं. पण कागदावर मी लिहिलं ‘संवादकौशल्य’, आणि त्या शब्दात त्यांनी आयुष्यभर ऐकलेला टोमणा वाचला. मागच्या दोन दिवसांत सकाळच्या मीटिंगमध्ये त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या, हे मला तेव्हा उमगलं.

मी एचआरकडून फॉर्म परत मागून घेतला आणि अभिप्राय नव्याने लिहिला. तो कसा लिहिला, ते इथे पायरीपायरीने सांगतो. आकडे थोडे बदलले आहेत, बाकी हकिकत तीच आहे.

पहिली पायरी: कोण वाचणार ते डोळ्यांसमोर आणा

हा परिच्छेद तिघेजण वाचतात आणि तिघांना त्यातून वेगवेगळं हवं असतं. जिच्याबद्दल लिहिलंय तिला कळायला हवं, की माझं कोणतं काम साहेबांनी पाहिलं आणि पुढच्या वर्षी मी काय बदलायचं. प्लांट मॅनेजरला ठरवायचं असतं, की पगारवाढ किती आणि वरची जागा निघाली तर हिचं नाव घ्यायचं का. तिसरा वाचक म्हणजे तुमच्या जागी उद्या येणारा माणूस. त्याने अक्कांना कधी पाहिलेलं नसतं, त्याच्याकडे फक्त फाईल असते.

माझा पहिला परिच्छेद या तिघांपैकी कुणाच्याच कामाचा नव्हता. ‘मेहनती, प्रामाणिक, मनमिळाऊ’ हे शब्द आपण निरोप समारंभाच्या भाषणातून उचलतो. त्यात आपुलकी असते, पण माहिती नसते. तो परिच्छेद अक्कांच्या नावाऐवजी बॉयलरवरच्या माणसाच्या किंवा गेटवरच्या वॉचमनच्या नावाने खपला असता. नाव बदलून वाचायची ही परीक्षा मी आजही प्रत्येक परिच्छेदाला लावतो. नाव बदलूनही मजकूर तसाच लागू पडत असेल, तर तो अजून लिहून झालेला नाही.

आणखी एक गोष्ट मला त्या वर्षी जुने फॉर्म चाळताना दिसली. लूम शेडमधल्या, म्हणजे मागांच्या विभागातल्या, फिटरच्या अभिप्रायात लूम किती तास बंद होतं, दुरुस्ती किती वेळात झाली, असं काहीतरी असायचं. चेकिंगच्या बायकांच्या अभिप्रायात ‘मनमिळाऊ’, ‘शांत’, ‘समजूतदार’. काम दोघांचंही मोजता येण्यासारखं असतं. पण मोजलेलं काम एकाचंच लिहिलं गेलं, तर पगारवाढीच्या वेळी प्लांट मॅनेजरसमोर पुरावाही एकाचाच पोचतो. तुमच्या विभागात स्त्रिया असतील तर तुमचे सगळे अभिप्राय शेजारी शेजारी ठेवून एकदा हे तपासाच.

दुसरी पायरी: पेन उघडण्याआधी रजिस्टरं उघडा

मार्चमध्ये बसून वर्ष आठवायला लागलं की आठवतात फेब्रुवारी आणि मार्च. फार तर जानेवारी, कारण सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत कोण किती दिवस गैरहजर होतं ते डोक्यात पक्कं बसलेलं असतं. जूनमध्ये कुणी काय सुधारणा केली ती पार पुसली गेलेली असते. म्हणून आठवणीवर विसंबू नका.

एका माणसासाठी साधारण पाऊण तास मी फक्त कागद चाळण्यात घालवतो. चेकिंग विभागासाठी मी चार गोष्टी काढल्या: रोजचं चेकिंग रजिस्टर, ज्यात किती टॉवेल तपासले आणि किती सेकंड, म्हणजे दोष असलेले, निघाले ते असतं; रीवर्कच्या चिठ्ठ्या; हजेरीचं मस्टर; आणि पार्टीकडून आलेल्या तक्रारी. एका कोऱ्या कागदावर एप्रिल-जून, जुलै-सप्टेंबर, ऑक्टोबर-डिसेंबर, जानेवारी-मार्च असे चार चौकोन पाडले आणि प्रत्येक चौकोनात अक्कांनी स्वतः केलेल्या किमान दोन घटना लिहिल्या. चौकोन रिकामा राहिला तर समजायचं, की त्या तीन महिन्यांत आपण नीट पाहिलेलं नाही. मग लूम शेडच्या आणि पॅकिंगच्या माणसांना विचारायचं.

‘घटना’ हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी १९५४ मध्ये हीच पद्धत शास्त्रीय रूपात मांडली. दुसऱ्या महायुद्धातल्या हवाई दलाच्या कामातून ती आली होती. माणसाचे गुण काय, असं मोघम विचारायचं नाही. काम साधलं किंवा बिघडलं अशा नेमक्या प्रसंगात त्याने काय केलं, ते गोळा करायचं. चेकिंगच्या टेबलालाही हे तसंच लागू पडतं. “अक्का जबाबदार आहेत” हे तुमचं मत झालं. “अक्कांनी जुलैपासून प्रत्येक बंडलला लूम नंबरची चिठ्ठी लावली” ही घटना आहे, आणि जबाबदार कोण ते वाचणारा त्यावरून स्वतः ठरवतो.

रजिस्टरं उघडण्याचा आणखी एक फायदा आहे. एखाद्याचं एक काम नजरेत भरलं की त्याचं सगळंच चांगलं वाटायला लागतं. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये सैन्यातल्या अधिकाऱ्यांना दिलेले गुण तपासले. त्यांना दिसलं, की शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व आणि स्वभाव यांचे गुण एकमेकांशी नको इतके जुळत होते; एका गुणाचा उजेड बाकीच्यांवर पडत होता. अक्कांच्या फोल्डिंगच्या टेबलावर घड्यांची थप्पी पट्टी लावल्यासारखी सरळ असायची. मी रोज ती पाहायचो आणि त्यांचं सगळंच काम टापटीप असणार असं धरून चालायचो. पाळी बदलताना कागदावर काहीच नोंदलं जात नाही, हे त्या थप्पीमागे झाकलं गेलं होतं.

तिसरी पायरी: दोन गोष्टी निवडा, मग एक अडचण

कागदावर माझ्याकडे अकरा घटना जमल्या. सगळ्या लिहिल्या असत्या तर अभिप्रायाची यादी झाली असती. मी तीन ठेवल्या.

चांगल्या घटना निवडताना एकच प्रश्न विचारला: अक्का नसत्या तर हे झालं असतं का? रोजचं ठरलेलं काम वेळेवर होणं चांगलंच, पण त्याची नोंद गुणांच्या रकान्यात आधीच झालेली असते. परिच्छेदात यायला हवं ते त्यांनी आपणहून केलेलं, किंवा इतरांपेक्षा वेगळं केलेलं.

अडचण निवडताना प्रश्न वेगळा: हे पुन्हा झालं का, आणि त्यामुळे कामाचं नुकसान झालं का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तरच ती लिहायची. अक्का एकदा मीटिंगमध्ये पॅकिंगच्या माणसावर चिडल्या होत्या. तेही माझ्या कागदावर होतं, पण ते एकदाच घडलं आणि दुसऱ्या दिवशी मिटलं. ते मी काढून टाकलं.

संतुलित लिहायचं म्हणजे अर्धं चांगलं आणि अर्धं वाईट लिहायचं, असा नव्या लोकांचा समज असतो. तसं नाही. वर्ष जसं गेलं त्याच प्रमाणात लिहायचं. अक्कांचं वर्ष बरंचसं चांगलं गेलं होतं, म्हणून दोन गोष्टींना जास्त जागा आणि अडचणीला कमी. एखाद्याचं खरंच निर्दोष वर्ष गेलं असेल तर फॉर्ममध्ये जागा आहे म्हणून दोष शोधू नका. तिथे पुढच्या वर्षी त्याने कोणतं नवं काम शिकावं ते लिहा. आणि वर्ष वाईट गेलं असेल तर तीन ओळी स्तुती करून ते झाकू नका, कारण वर्षभराने त्याच माणसावर कारवाईची वेळ आली तर फाईलमधली तुमचीच स्तुती तुमच्यासमोर ठेवली जाते.

चौथी पायरी: आकडा कुणाचा, ते तपासा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबतो.

आधी अक्कांनी काय केलं ते सांगतो. लूमवरून टॉवेलचा तागा उतरतो तेव्हा त्याला लूम नंबरची चिठ्ठी असते. पुढे तागा उभा कापला जातो, कडांना शिलाई होते, मग आडवा कापून टॉवेल सुटे होतात आणि पुन्हा शिलाई होते. या सगळ्यात ती चिठ्ठी मागे पडायची. चेकिंगच्या टेबलावर लूप सुटलेला किंवा उभी रेघ पडलेला टॉवेल आला, तर तो कोणत्या लूमवरचा हे कुणालाच सांगता यायचं नाही. तो सेकंडमध्ये टाकायचा आणि पुढचा उचलायचा, एवढंच चालायचं. जुलैत अक्कांनी कटिंगच्या माणसाशी बोलून प्रत्येक बंडलसोबत लूम नंबर पुढे न्यायला लावला आणि सेकंड निघालेल्या मालाचा रोजचा हिशेब लूमप्रमाणे लिहायला सुरुवात केली.

आता आकडे. एप्रिल ते जूनमध्ये हजार टॉवेलमागे सरासरी ४८ सेकंड निघत होते. ऑक्टोबरनंतर ३३. मला मोह झाला, की सरळ लिहावं: “त्यांच्यामुळे सेकंडचं प्रमाण ४८ वरून ३३ वर आलं.” वाचायला छानच होतं. पण सप्टेंबरात आम्ही सुताचा पुरवठादार बदलला होता आणि नवं सूत कमी तुटत होतं, हे लूम शेडमध्ये प्रत्येकाला माहीत होतं. असं वाक्य प्लांट मॅनेजरने वाचलं असतं, तर त्याने पहिला प्रश्न सुताचाच विचारला असता. त्याला उत्तर नसतं, आणि मग परिच्छेदातल्या खऱ्या गोष्टीवरचाही त्याचा विश्वास उडाला असता.

म्हणून मधले दोन महिने वेगळे काढले. जुलै आणि ऑगस्टमध्ये चिठ्ठी सुरू झालेली होती, पण सूत जुनंच होतं. त्या दोन महिन्यांची सरासरी ४१. म्हणजे ४८ ते ४१ ही घट चिठ्ठीच्या काळातली, आणि त्यापुढची घट सूत आणि चिठ्ठी दोन्हींची मिळून. तरीही ४१ हा आकडा योगायोगाने आला असण्याची शक्यता उरतेच. तेव्हा फिटरची डायरी मागवली. त्यात ऑगस्टमध्ये दोन लूमची नोंद सापडली: “चेकिंगच्या हिशेबावरून तपासले, फणीचे दात वाकलेले, बदलले.” उभी रेघ तिथूनच येत होती. आता माझ्याकडे आकडाही होता आणि त्याचं कारणही.

तुमच्या विभागात फिटरची डायरी नसेल. पण कोणताही सुधारलेला आकडा एखाद्याच्या नावावर मांडण्याआधी दोन प्रश्न विचारा. त्याच काळात आणखी काय बदललं होतं? आणि या माणसाच्या कामापासून त्या आकड्यापर्यंतची वाट मला दाखवता येते का? वाट दाखवता येत नसेल तर काम लिहा, आकडा त्याच्या नावावर टाकू नका. आकडा बिघडला असेल तेव्हाही हेच दोन प्रश्न विचारायचे, आणि तेव्हा तर जास्तच कसून, कारण सूत खराब आलं म्हणून चेकिंगवालीला बोल लावणं फार सोपं असतं.

दुसरी चांगली गोष्ट लवकर सांगून होईल. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर यात्रेत दरवर्षी आमची हजेरी कोसळते. त्या वर्षी अक्कांनी डिसेंबरातच कोण कोणत्या दिवशी सुट्टी घेणार ते लिहून घेतलं होतं आणि फोल्डिंगच्या दोघींना चेकिंग शिकवून ठेवलं होतं. यात्रेच्या आठवड्यात चौदापैकी पाच जणी नव्हत्या, तरी माल ठरलेल्या तारखेला निघाला. इथे वाट उघड दिसते, जास्त तपासायची गरज पडली नाही.

पाचवी पायरी: उणीव लिहिताना स्वभाव लिहू नका

नोव्हेंबरात असं झालं होतं. एका लॉटमध्ये काठाच्या शिलाईचा दोरा टॉवेलच्या रंगाशी जुळत नव्हता. अक्कांनी तो माल बरोबर ओळखला, बाजूला ठेवला, आणि पाळी संपताना दुसऱ्या पाळीच्या माणसाला तोंडी सांगितलं, की हा थांबवायचा. त्याने पुढे कुणाला सांगितलं नाही. रात्री तो माल पॅक झाला. दुसऱ्या दिवशी २४० टॉवेल पेट्यांतून काढून पुन्हा तपासावे लागले, सहा बायकांचा अर्धा दिवस गेला. फेब्रुवारीत पुन्हा तसंच झालं, माल कमी होता एवढाच फरक.

हे ‘संवादकौशल्य’ या एका शब्दात कोंबलं की काय होतं ते वर सांगितलंच. असे शब्द ओळखायची एक सोपी खूण आहे. शब्द वाचून माणसाला उद्या सकाळी कामावर आल्यावर काय वेगळं करायचं ते कळतं का? ‘दृष्टिकोन’, ‘पुढाकार’, ‘परिपक्वता’, ‘टीमवर्क’ यातल्या एकातूनही ते कळत नाही. आणि माहिती जिथे नसते तिथे वाचणारा स्वतःच्या मनातली भीती भरतो. कुणाला आपल्या भाषेची, कुणाला कमी शिक्षणाची, कुणाला वयाची.

आपल्या कार्यालयीन मराठीची एक सवयही इथे आड येते. आपण लिहितो: “निरोप देण्यात त्रुटी आढळून आल्या.” कुणाच्या त्रुटी, कुणाला आढळल्या, केव्हा? हे वाक्य सभ्य वाटतं, पण त्याला कर्ताच नाही. कर्ता आणि तारीख घालून लिहून पाहा: “नोव्हेंबर आणि फेब्रुवारीत थांबवलेल्या मालाची सूचना त्यांनी पुढच्या पाळीला तोंडी दिली.” हे जास्त स्पष्ट आहे आणि खरं तर जास्त मऊही आहे, कारण त्यात त्यांच्यावर कोणताही शेरा नाही, फक्त घडलेलं आहे. ‘निष्काळजी’ म्हणालो असतो तर ते त्यांच्यावर बोट ठेवणं झालं असतं, आणि खोटंही, कारण दोष ओळखला होता तो त्यांनीच.

आता जो भाग लिहिताना मला जड गेलं तो. पाळी बदलताना लिहायचं रजिस्टर आमच्या विभागात नव्हतंच. ते ठेवणं माझं काम होतं. मग ही उणीव अक्कांची की माझी? कागद चाळल्यावर उत्तर असं आलं: नोव्हेंबरातली चूक बरीचशी माझी, फेब्रुवारीतली दोघांची, कारण मधे मी त्यांना साध्या वहीत लिहून ठेवायला सांगितलं होतं आणि स्वतः मात्र पुन्हा विचारलंही नव्हतं. मग मी तसंच लिहिलं. उणीव लिहिताना दर वेळी तपासा, की माणसाला ते काम नीट करायला जे साधन लागतं ते तुम्ही दिलं होतं का. नसेल तर ते त्याच परिच्छेदात कबूल करा. असं लिहिल्याने तुमचा वचक कमी होत नाही, आणि समोरचा माणूस ती ओळ वाद न घालता वाचतो.

अभिप्रायात पहिल्यांदाच समजणारी उणीव कधीही लिहू नका. नोव्हेंबरात मी अक्कांशी बोललो होतो, म्हणून ती लिहिण्याचा मला हक्क होता. वर्षभर गप्प बसून मार्चमध्ये कागदावर काढलेली तक्रार खरी असली तरी अन्यायाची असते.

आणि उणिवेला स्तुतीच्या दोन थरांत गुंडाळून ठेवायची पद्धत मला पटत नाही. माणूस एक तर मधलं वाचतच नाही, किंवा तेवढंच वाचतो आणि आजूबाजूची स्तुती खोटी समजतो. तिला तिची स्वतंत्र ओळ द्या आणि लगेच पुढे काय ठरलं ते लिहा: काय करायचं, कधीपासून, आणि कोण केव्हा पाहणार.

सहावी पायरी: आता लिहा

एवढं झाल्यावर प्रत्यक्ष लिहायला मला वीस मिनिटं लागली. परिच्छेद असा झाला:

“जुलैपासून त्यांनी स्वतःहून प्रत्येक बंडलसोबत लूम नंबर पुढे नेण्याची पद्धत सुरू केली व सेकंड मालाचा लूमप्रमाणे हिशेब ठेवला. त्यावरून ऑगस्टमध्ये दोन लूमच्या फणीतला दोष सापडला. एप्रिल-जूनमध्ये हजारी ४८ असलेले सेकंड जुलै-ऑगस्टमध्ये ४१ वर आले. सप्टेंबरनंतरची आणखी घट नव्या सुतामुळेही आहे. जानेवारीत यात्रेच्या आठवड्यात पाच जणी रजेवर असताना, त्यांनी आधीच आखलेल्या सुट्ट्यांमुळे व दोघींना दिलेल्या चेकिंगच्या शिक्षणामुळे माल वेळेवर निघाला. नोव्हेंबर व फेब्रुवारीत थांबवलेल्या मालाची सूचना त्यांनी पुढच्या पाळीला तोंडी दिली व तो माल पॅक झाला. नोव्हेंबरात २४० टॉवेल पुन्हा तपासावे लागले. विभागात यासाठी रजिस्टर नव्हते, ही व्यवस्थेची त्रुटी माझी आहे. १ एप्रिलपासून त्या थांबवलेला प्रत्येक लॉट नव्या रजिस्टरमध्ये लिहून पुढच्या पाळीची सही घेतील. जूनअखेर आम्ही दोघे ते रजिस्टर पाहू.”

शंभरच्या थोडे वर शब्द आहेत. यापेक्षा फार लांब लिहू नका, वरची माणसं तिरपं वाचतात. आता यात विशेषणं शोधा. स्तुतीचं एकही नाही, तरी वाचून बाई कामात किती तयार आहेत ते कळतं. लिहून झालं की मी प्रत्येक स्तुतिवाचक विशेषण खोडून पाहतो. खोडल्यावर वाक्यात काहीच उरलं नाही, तर ते वाक्य पोकळ होतं.

अजून दोन गोष्टी ताडून पाहायच्या असतात. पहिली म्हणजे गुण. वरच्या रकान्यात मी ‘समाधानकारक’ म्हणजे पाचपैकी तीन दिले होते, आणि परिच्छेद वाचल्यावर ते तीन टिकत नव्हते. आपणहून पद्धत बदलणाऱ्या माणसाला ठरल्या कामापुरते गुण कसे देणार? मी ते चार केले आणि एचआरला हाच परिच्छेद कारण म्हणून दाखवला. कधी उलटही होतं: पाच गुण दिलेले असतात आणि त्यांच्या समर्थनाला एकही घटना सापडत नाही. दुसरी गोष्ट आदराची. तोंडाने आपण कुणाला अरे-तुरे करत असू, फॉर्मवर मात्र सगळ्यांना ‘त्यांनी’च लिहा, हेल्परपासून मॅनेजरपर्यंत. एकाला ‘त्यांनी’ आणि दुसऱ्याला ‘त्याने’ लिहिलेलं फाईलमध्ये लगेच दिसतं.

सातवी पायरी: सही घेण्याआधी वाचून दाखवा

हा परिच्छेद मी अक्कांना टेबलावर सगळ्यांसमोर दिला नाही. जेवणाच्या सुट्टीनंतर केबिनमध्ये बसवून सावकाश वाचून दाखवला, प्रत्येक वाक्यानंतर थांबून. असं वाचताना मत विचारू नका, “बरोबर आहे ना?” म्हटलं की माणूस मान हलवतो. माहिती विचारा: यातलं काही चुकीचं लिहिलं गेलंय का, कुणाचं नाव राहिलंय का?

लूमच्या चिठ्ठीवर त्या काहीच बोलल्या नाहीत. नोव्हेंबरच्या ओळीवर म्हणाल्या, “हे झालं होतं, खरं आहे. पण रजिस्टर पॅकिंगच्या दारात ठेवा साहेब. चेकिंगच्या टेबलावर ठेवलं तर रात्रीचा माणूस तिथपर्यंत येणारच नाही.” मला ते सुचलं नव्हतं. तेवढे शब्द मी रजिस्टरच्या वाक्यात घातले.

मग यात्रेच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. दोघींना चेकिंग शिकवलं ते त्यांनी नव्हतं, टेबलावरच्या सगळ्यात जुन्या चेकर मावशींनी शिकवलं होतं. अक्कांनी फक्त त्या तिघींचं काम आठवडाभर आपापसात बदलून दिलं होतं. मी ती ओळ खोडून “दोघींना चेकिंग शिकता यावं म्हणून त्यांनी केलेल्या कामाच्या अदलाबदलीमुळे” असं लिहिलं, आणि मावशींचा फॉर्म गठ्ठ्यातून पुन्हा वर काढला. त्यावर मी आदल्या आठवड्यात ‘अनुभवी व शांत’ एवढंच लिहून ठेवलं होतं.